एक फोन, एक खातं आणि चौघांची सरमिसळ आठवण

यवतमाळ जिल्ह्यातलं एक घर डोळ्यासमोर धरू. वडलांचं पाच एकर वावर आहे, त्यात कपाशी, सोयाबीन आणि तूर. आई बचत गटात असून मिरची पावडर आणि मसाले विकते. मुलगी बारावी सायन्सला आहे आणि नीटची तयारी करते. आजोबा सत्तरीचे, त्यांना मधुमेह आहे आणि मेटफॉर्मिनची गोळी सुरू आहे. घरात चांगला फोन एकच. त्यावर मुलीनं वडलांच्या जीमेलनं चॅटजीपीटीचं खातं उघडून दिलं आणि आता चौघंही त्यातच विचारतात.

काही आठवड्यांनी त्या खात्याच्या आठवणींची यादी उघडली, तर साधारण अशा ओळी दिसतील: युजरची पाच एकर शेती आहे. युजर नीटची तयारी करते. युजरला मधुमेह असून तो मेटफॉर्मिन घेतो. युजर मिरची पावडर विकते. युजरला उत्तरं थोडक्यात आणि सोप्या मराठीत हवी असतात. प्रत्येक ओळ खरी आहे, फक्त ‘युजर’ नावाचा असा माणूस त्या घरात नाही.

हे का होतं ते समजायला आठवण नेमकी कशी चालते ते पाहावं लागतं. अशा चॅटबॉटची आठवण म्हणजे मजकूर. आपण बोलत असताना त्यातल्या टिकाऊ वाटणाऱ्या गोष्टींची छोटी वाक्यं करून ती खात्यात साठवली जातात. पुढच्या वेळी नवीन चॅट उघडून प्रश्न टाकला की ती वाक्यं आपल्याला न दिसता प्रश्नाच्या आधी जोडली जातात, आणि मॉडेल सगळं मिळून वाचतं. एप्रिल 2025 पासून चॅटजीपीटी या यादीच्या पलीकडे जाऊन जुन्या संभाषणांतूनही संदर्भ उचलू लागलं. या साखळीत फोन कुणाच्या हातात आहे हे तपासणारा टप्पा कुठेच येत नाही. बोलून प्रश्न विचारला तरी आजोबांचा आवाज आणि नातीचा आवाज खात्याच्या हिशेबी एकाच माणसाचे. सामाईक सातबाऱ्यात पोटहिस्से पडलेले नसले की कोणता धुरा कुणाचा हे कागदावरून सांगता येत नाही, तशीच ही गत. इथे तर कागदावर नावंही नसतात.

आता याचा उत्तरांवर काय परिणाम होतो ते पाहा. आई विचारते, ‘हरतालिकेचा निर्जळ उपवास आहे, आदल्या दिवशी काय खावं?’ उत्तरात मधुमेहाचा इशारा येतो आणि गोळीची वेळ डॉक्टरांना विचारायला सांगितलं जातं. ती गोंधळते, पण निदान काहीतरी चुकतंय हे तिला लगेच कळतं. ही दिसणारी चूक आहे. न दिसणारी चूक जास्त घातक असते. समजा आजोबांसाठी कुणीतरी घाईत टाइप केलं, ‘पायाला जखम झाली, आठ दिवस झाले भरत नाही’. साठवलेली प्रत्येक ओळ दर वेळी उत्तरात उतरेलच असं नाही. त्या वेळी अभ्यास करणाऱ्या मुलीची प्रतिमा वरचढ ठरली, तर उत्तर एखाद्या तरुण, निरोगी माणसासाठी असल्यासारखं येईल: स्वच्छ धुवा, मलम लावा, वाट पाहा. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची न भरणारी जखम विनाविलंब डॉक्टरांना दाखवायची असते. त्या उत्तरात एकही वाक्य उघडपणे चुकीचं वाटणार नाही, ते फक्त दुसऱ्याच माणसाचं उत्तर असेल.

सवयींचीही अशीच सरमिसळ होते. वडलांनी एकदा सांगितलेलं असतं, ‘थोडक्यात सांगत जा’. त्यानंतर मुलीला पेशीविभाजनाचे टप्पे तीन ओळींत मिळू लागतात, इंग्रजी संज्ञा गळतात आणि तिला वाटतं की या साधनाला जीवशास्त्र नीट येत नाही. तिसरा धोका खाजगीपणाचा. मुलीनं पाळीच्या त्रासाबद्दल विचारलेलं वडलांच्या चॅटच्या यादीत दिसतं, किंवा त्यातलं काहीतरी त्यांच्या एखाद्या उत्तरात डोकावतं. एवढं कळलं की ती पुन्हा विचारतच नाही. मला हा तोटा जखमेच्या उदाहरणाइतकाच गंभीर वाटतो.

आपल्या घरात असं झालंय का, हे ओळखायची सोपी रीत आहे. नवीन चॅटमध्ये विचारा, ‘तुला माझ्याबद्दल काय काय आठवतं?’ आलेल्या उत्तरावर विसंबून न राहता खरी यादीही उघडा. चॅटजीपीटीत ती Settings, मग Personalization, मग Memory या वाटेनं सापडते. मेन्यूची नावं अधूनमधून बदलतात, पण आठवणीचा भाग सेटिंगमध्येच असतो. वहीत चार रकाने करा आणि प्रत्येक ओळ कुणाची ते मांडा. एकापेक्षा जास्त रकाने भरले, तर सरमिसळ झाली आहे. एखाद्या उत्तराबद्दल शंका असेल, तर तोच प्रश्न अक्षरशः तसाच Temporary chat मध्ये टाकून दोन्ही उत्तरं शेजारी ठेवून वाचा. तिथे आठवण वापरायचा पर्याय दिसत असेल, तर आधी तो बंद करा. या तात्पुरत्या चॅटमधून आठवण साठवली जात नाही आणि ती चॅटच्या यादीतही दिसत नाही. शब्द थोडे बदलणारच, ते सोडून द्या. आजार, वय, शेती यांचा संदर्भ फक्त नेहमीच्या चॅटमध्येच आला, तर तो आठवणीतून आला असं समजा. मात्र हे करण्याआधी सेटिंगमधली ‘माझ्याबद्दल माहिती’ लिहायची चौकट रिकामी आहे ना ते पाहा. तिथला मजकूर आठवणीपासून वेगळा असतो आणि तात्पुरत्या चॅटमध्येही लागू होऊ शकतो.

वेगळं करायचा पक्का उपाय एकच, माणसागणिक खातं. चॅटजीपीटीच्या अटींनुसारही आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. वयाची अटही आहे: तेरा वर्षांखालच्या मुलांसाठी ते नाही, आणि अठरा वर्षांच्या आत आईवडलांची परवानगी लागते. फोन एकच असला तरी खाती चार असू शकतात. अडतं ते सारखं लॉग-आऊट आणि लॉग-इन करण्यात. संध्याकाळी घाईच्या वेळी कुणीही ते करत नाही आणि आठ दिवसांत सगळे पुन्हा वडलांच्या खात्यात येऊन बसतात.

त्यावर तोड अशी. चॅटजीपीटीच्या ॲपमध्ये वडलांचं खातं राहू द्या. क्रोममध्ये chatgpt.com उघडून मुलीचं खातं सुरू करा. फायरफॉक्स टाकून घेऊन त्यात आईचं खातं उघडा. प्रत्येक ब्राऊझर आपलं लॉग-इन स्वतःपाशी ठेवतो, एकाचं दुसऱ्याला दिसत नाही. मग ब्राऊझरच्या मेन्यूतून पानाचं चिन्ह होम स्क्रीनवर आणून ठेवलं, की प्रत्येकाचं दार वेगळं होतं. खातं उघडताना ज्याच्या-त्याच्या जीमेलनं उघडा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. लॉग-इनचा कोड वडलांच्या नंबरवर येणार असेल आणि त्या नंबरचा साधा फोन घेऊन ते वावरात असतील, तर मुलीचा अभ्यास तिथेच अडतो.

जेमिनी वापरत असाल तर काम सोपं आहे. ते गुगलच्या खात्याला जोडलेलं असतं. फोनमध्ये दुसरं जीमेल जोडलं, की ॲपमध्ये उजवीकडे वर असलेल्या गोल चित्रावर बोट ठेवून खातं बदलता येतं. विचारण्याआधी ते चित्र पाहायची सवय मात्र लागावी लागते. म्हणून प्रत्येक खात्याला स्वतःचा फोटो लावा, रंगीत गोलातलं एक अक्षर नजरेतून सुटतं.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये एकापेक्षा जास्त वापरकर्ते तयार करायची सोयही असते. सेटिंगच्या शोधपट्टीत Users टाकून पाहा. ही सर्वांत घट्ट आडभिंत, कारण ॲप, फोटो, पिन सगळंच वेगळं होतं. पण प्रत्येक वापरकर्त्याचा डेटा जागा खातो आणि 64 जीबीचा फोन लवकर भरतो. काही कंपन्यांनी ही सोय काढून टाकलेली आहे. अशा फोनवर ब्राऊझरची युक्तीच बरी.

वेगळी खाती शक्यच नसतील, तर निदान आठवण बंद करा. साठवलेल्या आठवणी आणि जुन्या चॅटचा संदर्भ ही दोन वेगळी बटणं आहेत, दोन्ही बंद करावी लागतात. मग फोनच्या नोट्समध्ये प्रत्येकाची एक ओळ लिहून ठेवा आणि प्रश्नाच्या आधी ती चिकटवा. उदाहरणार्थ, ‘हा प्रश्न 70 वर्षांच्या पुरुषाचा आहे, मधुमेह आहे, मेटफॉर्मिन सुरू आहे.’ आठवण बंद असताना हे छान चालतं, कारण मॉडेलपुढे तेवढीच माहिती असते. आठवण चालू ठेवून हाच प्रयोग केला तर उलटं होतं: ती ओळही साठवली जाते आणि गुंता वाढतो.

जुना पसारा काढताना एक चूक हमखास होते. आठवण बंद केली म्हणजे ती पुसली गेली, असं वाटतं. पुसली गेलेली नसते. पुन्हा चालू केली, की सगळं परत हजर. चॅट काढून टाकलं तरी त्यातून तयार झालेली आठवण शिल्लक राहते, आणि आठवण काढली तरी जुनं चॅट शिल्लक असेल तर तिथून संदर्भ परत येऊ शकतो. म्हणून दोन्हींकडून काढायचं: आधी यादीतली ओळ, मग ते चॅट. तात्पुरत्या चॅटचीही एक प्रत सुरक्षेसाठी काही काळ कंपनीकडे राहते, चॅटजीपीटीत 30 दिवसांपर्यंत आणि जेमिनीत 72 तासांपर्यंत. घरच्यांच्या नजरेआड ठेवायला ते पुरेसं आहे, पण काहीच उरत नाही असं समजू नका.

एवढं करूनही एक फट राहते. आजोबा स्वतः टाइप करत नाहीत. ते सांगतात, ‘मले शुगर आहे, पपई खाऊ का?’ आणि नात आपल्या खात्यात जसंच्या तसं लिहिते. झालं, मधुमेह तिच्या नावावर चढला. खाती वेगळी असली तरी दुसऱ्यासाठी विचारण्यामुळे सरमिसळ होते, आणि आपल्याकडे घरातली, शेजारची निम्मी कामं अशीच दुसऱ्यासाठी केली जातात. तिथे वाक्यातला ‘मला’ बदलायला हवा. ‘माझ्या आजोबांना मधुमेह आहे, त्यांनी पपई खाल्ली तर चालेल का?’ असं लिहिलं तर साठवली जाणारी ओळही आजोबांबद्दलची होते. शेजारच्या काकूंचा अर्ज, मामांच्या फवारणीचा प्रश्न, गटातल्या दुसऱ्या बाईच्या कर्जाचा हिशेब, हे सरळ तात्पुरत्या चॅटमध्येच विचारायचं. औषधाचा किंवा फवारणीच्या मात्रेचा प्रश्न असेल तर शेवटचा शब्द डॉक्टरांचा किंवा बाटलीवरच्या लेबलचा धरायचा. आणि आठवणींच्या यादीवर महिन्यातून एकदा नजर टाकून, आपली नसलेली ओळ दिसली की तिथल्या तिथे काढून टाकायची.