कोपरे क्लॉकवाइज लावणं आणि पॉलिगॉन क्लॉकवाइज करणं, ही दोन वेगळी कामं आहेत

पॉलिगॉनचे कोपरे क्लॉकवाइज कसे करायचे असं कोणी विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सगळ्या कोपऱ्यांची सरासरी काढ, तो सेंटर धर, तिथून प्रत्येक कोपऱ्याचा अँगल काढ आणि अँगलवर सॉर्ट मार. उत्तर बरोबरच आहे, पण बऱ्याचदा ते भलत्याच प्रश्नाचं असतं. विचारणाऱ्याच्या टेस्टमध्ये एक चौकोन असतो, त्यावर ते मस्त चालतं, तो खुश होऊन कोड चिकटवतो, आणि मग कधीतरी खाच असलेला एखादा आकार येतो आणि नकाशावरची जागा गुपचूप फुगते. हे मी इतक्या वेळा निस्तरलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

घोळ असा आहे की "क्लॉकवाइज कर" या एकाच वाक्यात दोन कामं दडलेली असतात. पहिल्यात तुमच्याकडे नुसते सुटे बिंदू असतात, कोण कोणाच्या शेजारी हे माहीत नसतं, तेव्हा क्रम शोधायचा असतो. दुसऱ्यात क्रम आधीच असतो, कडेकडेने चालत गेल्यावर कोपरे जसे लागतात तसेच लिस्टमध्ये असतात, फक्त चाल घड्याळाच्या दिशेने आहे की उलटी एवढंच बघायचं आणि गरज असेल तर उलटवायचं. अँगलचं सॉर्टिंग पहिल्या कामासाठी आहे. दुसऱ्यासाठी ते वापरलं तर तुम्ही हातातली खरी माहिती फेकून देता आणि तिच्या जागी अंदाज बसवता.

सॉर्टवालं सगळ्यांना येतं, तरी समोर असू दे:

```python
from math import atan2

def sort_cw(p):
    cx = sum(x for x, y in p) / len(p)
    cy = sum(y for x, y in p) / len(p)
    return sorted(p, key=lambda q: -atan2(q[1] - cy, q[0] - cx))
```

आता एक एल आकार घेऊ. कोपरे कडेने क्रमाने: (०,०), (६,०), (६,१), (१,१), (१,६), (०,६). म्हणजे खाली एक आडवी पट्टी, डावीकडे एक उभी पट्टी, दोन्ही १ रुंदीच्या. एरिया ६ अधिक ५, म्हणजे ११. वाय वर जाणारा धरला तर हा क्रम अँटिक्लॉकवाइज आहे, आणि आपल्याला हवाय क्लॉकवाइज.

सरासरी काढली तर एक्स १४ भागिले ६ आणि वायही तेवढाच, म्हणजे सेंटर साधारण (२.३३, २.३३). पट्ट्या १ रुंदीच्या आहेत, म्हणजे हा सेंटर एलच्या बाहेर, मोकळ्या खाचेत जाऊन बसला. तिथून अँगल काढले की (६,०) येतो उणे ३२.५ अंशांवर, (६,१) उणे २० वर, (१,६) येतो ११० वर, (०,६) येतो १२२.५ वर, आणि (०,०) आणि (१,१) दोघंही बरोब्बर उणे १३५ वर, कारण ते सेंटरशी एकाच रेषेत आहेत. सॉर्ट केल्यावर (१,१) हा कोपरा, जो खरं तर (६,१) आणि (१,६) यांच्या मधे हवा होता, तो थेट (०,०) च्या शेजारी जाऊन पडतो, आणि (६,१) पासून (१,६) पर्यंत एक तिरकी रेघ मारली जाते. एरिया होतो २०.५. अकराचे साडेवीस! आणि वाईट भाग म्हणजे हा नवा आकार स्वतःला कुठेही छेदत नाही, अगदी व्यवस्थित बंद पॉलिगॉन आहे, त्यामुळे व्हॅलिडेशनवालं काहीही ओरडत नाही.

अजून एक गंमत बघा, (०,०) आणि (१,१) चा अँगल सेम असल्यामुळे कोण आधी येणार हे इनपुटच्या क्रमावर ठरतं. तेच सहा बिंदू वेगळ्या क्रमाने दिले की वेगळा आकार मिळतो. एरिया दोन्ही वेळा २०.५ च, म्हणजे एरियावरून हा फरक कळणारही नाही.

यावर लोक म्हणतात सेंटर चुकला, सरासरी घेऊ नका, एरियाचा खरा सेंट्रॉइड घ्या. घ्या की. तो येतो (१.८६, १.८६) च्या आसपास, तोही खाचेतच, आणि सॉर्टही तसंच निघतं. सरासरी की सेंट्रॉइड या वादात मला अजिबात रस नाही, कारण आकार कॉन्व्हेक्स असेल, म्हणजे कुठेही खाच नसेल, तर आतला कुठलाही बिंदू चालतो आणि सरासरी नेहमी आतच पडते. आणि कॉन्व्हेक्स नसेल तर दोन्हीपैकी कशाचाही भरवसा नाही.

खरी अट काय आहे ते समजून घ्या. सेंटरला उभं राहून गोल फिरत कोपरे मोजणं म्हणजे अँगलचं सॉर्टिंग. हा क्रम कडेच्या क्रमाशी जुळायला हवा असेल तर तिथून सगळी कड सरळ दिसायला हवी, मधे कुठली भिंत येता कामा नये. आपल्या एलमध्ये अशी जागा आहे, दोन पट्ट्या जिथे मिळतात तो १ बाय १ चा चौकोन. तिथे (०.५, ०.५) वर उभं राहून सॉर्ट केलं तर सहाही कोपरे अचूक क्रमाने येतात, करून बघा. पण यू आकार घेतला तर अशी जागाच नाही, एका दांड्यात उभं राहिलं की दुसरा दांडा पूर्ण दिसत नाही. आणि समजा जागा असली तरी ती शोधायला कडा कुठून कुठे जातात हे माहीत हवं, म्हणजे क्रम आधीच माहीत हवा, आणि क्रम माहीत असेल तर सॉर्ट करायचंच कशाला?

तर क्रम हातात असेल तेव्हा एवढंच करायचं:

```python
def signed_area(p):
    s = 0
    for (x1, y1), (x2, y2) in zip(p, p[1:] + p[:1]):
        s += x1 * y2 - x2 * y1
    return s / 2

def make_cw(p):
    return p[::-1] if signed_area(p) > 0 else p
```

ही शाळेतली शूलेसची रीत, फक्त शेवटी अ‍ॅबसोल्यूट घ्यायचा नाही, कारण आपल्याला चिन्हच हवंय. वाय वर जाणारा असेल तर अधिक म्हणजे अँटिक्लॉकवाइज, उणे म्हणजे क्लॉकवाइज. आपल्या एलचं उत्तर अधिक ११, लिस्ट उलटी केली की उणे ११, शेजारी तेच राहिले, आकार तोच राहिला. सॉर्टही लागत नाही आणि अँगलही लागत नाही.

काहीजण याच्यातही शॉर्टकट मारतात, सलग तीन कोपरे घेऊन वळण डावीकडे की उजवीकडे बघतात आणि त्यावरून अख्ख्या पॉलिगॉनची दिशा ठरवतात. आपल्या एलमध्ये नेमके (६,१), (१,१), (१,६) हे तीन हाती लागले तर वळण उजवीकडे दिसतं, म्हणजे उत्तर "क्लॉकवाइज", साफ चूक. खाचेतला कोपरा कायम उलटंच सांगतो. सगळ्या कोपऱ्यांची बेरीज करायला किती वेळ लागतो असा?

हा घोळ सगळ्यात जास्त दिसतो तो नकाशांच्या डेटात. शेपफाइलमध्ये बाहेरची रिंग क्लॉकवाइज असते, आणि जिओजेसनच्या २०१६ च्या आरएफसी ७९४६ प्रमाणे बाहेरची अँटिक्लॉकवाइज आणि आतली भोकं क्लॉकवाइज. म्हणजे एकातून दुसऱ्यात नेताना दिशा बदलावी लागते, क्रम मात्र दोन्हीकडे आधीच नीट असतो, आणि तरी कोणीतरी तिथे अँगलचं सॉर्ट घालतोच. त्यात रिंगचा पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहिलेला असतो. लिस्ट उलटवली तर ती बंदच राहते, पण सॉर्ट केली की दोन्ही कॉप्या एकाच अँगलवर, म्हणून शेजारी-शेजारी येऊन बसतात आणि रिंग उघडी पडते. माझ्याकडे आलेल्या एका फाइलमध्ये हा प्रकार त्यामुळेच तर सापडला, नाहीतर फुगलेले आकार कोणाच्या लक्षात आले नसते.

तुमच्या कोडमध्ये हे झालंय का हे ओळखायचं असेल तर आधीचा आणि नंतरचा एरिया चिन्ह सोडून ताडून बघा. दिशा बदलल्याने फक्त चिन्ह बदलतं, आकडा बदलला तर आकार मोडला.

आणि बिंदू खरोखर सुटे आले असतील तर? कॉन्व्हेक्स असल्याची खात्री असेल तर अँगलचं सॉर्ट बिनधास्त वापरा, तिथे क्रम एकच निघू शकतो. खात्री नसेल तर सॉर्ट केल्यावर प्रत्येक कोपऱ्यावरचं वळण तपासा, सगळी वळणं एकाच बाजूची निघाली तर ठीक, एक जरी उलटं निघालं तर समजा की कोडने अंदाज मारलाय. कारण खाचवाल्या बिंदूंमधून एकापेक्षा जास्त आकार जोडता येतात आणि त्यातला खरा कुठला हे बिंदूंना माहीतच नसतं. वर मिळालेल्या आकारात उलटं वळण (१,१) ला सापडेल. अशा वेळी सेंटर इकडेतिकडे हलवून बघण्यात वेळ घालवू नका, डेटा जिथून आला तिथे जाऊन कडा मागा.

फोटोतल्या कागदाचे चार कोपरे हा सॉर्टचा हक्काचा उपयोग. फक्त फोटोत वाय खाली वाढतो, त्यामुळे तिथे `atan2` चढत्या क्रमाने लावलं की डोळ्यांना क्लॉकवाइज दिसतं, वरच्या कोडमधलं उणे चिन्ह काढून टाका (`signed_area` च्या चिन्हाचा अर्थही तिथे उलटा होतो, बाकी काही नाही). `atan2` ला आधी वाय द्यायचा असतो, एक्सेलमध्ये मात्र आधी एक्स.

फोटोतल्या कागदात पाय घसरतो तो सुरुवातीच्या कोपऱ्यावर. सरळ कागदाचा वरचा डावा कोपरा पहिला येतो म्हणून लोक पहिला म्हणजे वरचा डावा असं गृहीत धरतात. उंचीच्या चौपट रुंद अशी पट्टी घ्या, तिचा तो कोपरा उणे १६६ अंशांवर असतो. पट्टी डावीकडे १५ अंश कलली की तो उणे १८० ओलांडून अधिक १७९ वर जातो आणि पहिल्याचा शेवटचा होतो, आणि सरळ केलेल्या फोटोत मजकूर आडवा पडतो. सॉर्ट झाल्यावर एक्स अधिक वाय सगळ्यात कमी असलेला कोपरा शोधा आणि लिस्ट त्याच्यापासून सुरू होईल अशी फिरवा, पुन्हा सॉर्ट करू नका. कागद ४५ अंशांच्या आसपास फिरलेला असेल तर हेही डगमगतं, तेव्हा वरची बाजू कुठली हे मजकुरावरूनच ठरवावं लागतं.