डेबिट स्प्रेड आणि क्रेडिट स्प्रेड

एकाच निर्देशांकाचे किंवा शेअरचे, एकाच एक्स्पायरीचे दोन ऑप्शन एकत्र धरून केलेल्या सौद्याला व्हर्टिकल स्प्रेड म्हणतात. त्यातला एक ऑप्शन विकत घेतलेला असतो, दुसरा विकलेला. स्ट्राइक, म्हणजे खरेदी-विक्रीचा हक्क ज्या भावाला मिळतो तो भाव, मात्र वेगवेगळे. घेतलेला ऑप्शन महाग असेल तर सौदा करताना खिशातून पैसे जातात. तो डेबिट स्प्रेड. विकलेला ऑप्शन महाग असेल तर खात्यात प्रीमियम जमा होतो. तो क्रेडिट स्प्रेड. दोन्हींत नफा आणि तोटा दोघांनाही आधीच ठरलेली मर्यादा असते. डेबिट स्प्रेडमध्ये दिलेली रक्कम हा सर्वाधिक तोटा, तर क्रेडिट स्प्रेडमध्ये दोन स्ट्राइकमधले अंतर वजा मिळालेली रक्कम हा सर्वाधिक तोटा.

बाजार शांत, म्हणजे ऑप्शन स्वस्त असताना डेबिट स्प्रेड घ्यावा आणि अस्थिरता वाढून प्रीमियम फुगलेले असताना क्रेडिट स्प्रेड विकावा, हा नियम ऑप्शनचा प्रत्येक वर्ग शिकवतो. नियम चुकीचा नाही, पण तो नको त्या गोष्टीवर बोट ठेवतो. पैसे दिले की घेतले यापेक्षा स्ट्राइक आजच्या भावाच्या कोणत्या बाजूला आहेत, यावर अस्थिरतेचा परिणाम ठरतो. राष्ट्रीय शेअर बाजारातील निफ्टी ऑप्शनवर हे नीट तपासता येते. हे ऑप्शन जून २००१ पासून चालू आहेत, ते युरोपीय पद्धतीचे आहेत, म्हणजे एक्स्पायरीपूर्वी कोणी हक्क बजावू शकत नाही, आणि त्यांची पूर्तता रोखीत होते.

निफ्टीच्या बाबतीत अस्थिरतेचा अंदाज इंडिया व्हिक्सवरून घेतात. निफ्टी ऑप्शनच्या चालू बोलींवरून पुढच्या ३० दिवसांत बाजार किती हलेल याची जी अपेक्षा निघते, ती हा निर्देशांक वार्षिक टक्केवारीत सांगतो. महिन्याचा अंदाज हवा असेल तर आकड्याला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण साडेतीनने भागावे. व्हिक्स १२ असेल तर महिन्याभरात सुमारे साडेतीन टक्के हालचाल ऑप्शनच्या भावात धरलेली आहे. २४ असेल तर सुमारे सात टक्के.

आता एक उदाहरण. निफ्टी २५,००० वर आहे आणि एक्स्पायरीला ३० दिवस आहेत असे समजू. व्याज बाजूला ठेवून आणि सर्व स्ट्राइकना एकच अस्थिरता धरून ब्लॅक-शोल्स सूत्राने भाव काढू. अस्थिरता १२ टक्के असताना २५,००० चा कॉल, म्हणजे त्या भावाला खरेदीचा हक्क, सुमारे ३४३ चा येतो. ती दुप्पट होऊन २४ टक्के झाली की तोच कॉल ६८६ चा, म्हणजे बरोबर दुप्पट. पण २५,००० चा कॉल घेऊन २५,५०० चा विकला, तर हा डेबिट स्प्रेड १२ टक्क्यांना १९१ ला पडतो आणि २४ टक्क्यांना २१५ ला. अस्थिरता दुप्पट झाली तरी भाव फक्त २४ अंकांनी हलला, कारण घेतलेल्या कॉलवर चढलेली सूज विकलेल्या कॉलने जवळजवळ सगळी परत केली. म्हणून व्हिक्स चढलेला असताना तेजीचे मत ठाम असेल, तर भावाजवळचा डेबिट स्प्रेड निषिद्ध मानण्याचे कारण नाही. अशा वेळी टाळायचा असतो तो नुसता कॉल.

भावापासून दूरच्या स्ट्राइकवर चित्र पालटते. २४,५०० चा पुट, म्हणजे त्या भावाला विक्रीचा हक्क, विकून २४,००० चा पुट घेतला, म्हणजे तेजीचा क्रेडिट स्प्रेड केला, तर १२ टक्क्यांना ९८ अंक मिळतात आणि २४ टक्क्यांना १७१. पहिल्या प्रसंगी ९८ मिळवण्यासाठी ४०२ अंकांचा धोका पत्करावा लागतो, दुसऱ्या प्रसंगी १७१ साठी ३२९ चा. लॉट ७५ चा धरला तर ७,३५० रुपयांसाठी ३०,१५० रुपये पणाला लावणे आणि १२,८२५ रुपयांसाठी २४,६७५ रुपये पणाला लावणे, असा हा फरक आहे. वरच्या नियमाचा जीव इथे आहे. शांत बाजारात दूरचा क्रेडिट स्प्रेड विकणाऱ्याला मोबदला फार थोडा मिळतो. उलट बाजूने पाहिले तर २५,५०० चा कॉल घेऊन २६,००० चा विकण्याचा दूरचा डेबिट स्प्रेड १२ टक्क्यांना ९७ ला मिळतो आणि २४ टक्क्यांना १६१ ला. तो शांत बाजारातच घ्यावा, कारण पुढे अस्थिरता वाढली तर निफ्टी न हलताही त्याची किंमत वाढते.

यामागचे कारण सोपे आहे. ज्या स्प्रेडला नफ्यात येण्यासाठी भाव हलायला हवा, त्याला अस्थिरता हवी असते. जो स्प्रेड आजच्या भावाला आधीच नफ्यात संपणार आहे, त्याला भाव जागेवर राहायला हवा असतो, म्हणून वाढती अस्थिरता त्याला मारक ठरते. त्यामुळे २४,००० चा कॉल घेऊन २४,५०० चा विकला, तर तो डेबिट स्प्रेड असूनही अस्थिरता वाढल्यावर स्वस्त होतो: १२ टक्क्यांना ४०२, २४ टक्क्यांना ३२९. हे आकडे वर आलेच आहेत. त्याच स्ट्राइकच्या पुट क्रेडिट स्प्रेडचे मूल्य ५०० मधून वजा केले की हेच उरतात. कॉल-पुट समतेमुळे हे दोन सौदे एकच आहेत. व्याज सोडले तर एक्स्पायरीला दोघांचा नफा-तोटा तंतोतंत जुळतो. एका खात्यात आज पैसे आले आणि दुसऱ्यातून गेले, एवढ्यावरून त्यांत निवड करणे व्यर्थ आहे.

स्ट्राइक तेच असतील तर निवड व्यवहाराच्या कारणांनी करावी. भावाच्या आत खोल गेलेल्या ऑप्शनमध्ये खरेदी-विक्रीच्या बोलींत फट मोठी असते, म्हणून २४,०००-२४,५०० साठी पुट वापरणे बहुधा स्वस्त पडते. क्रेडिट स्प्रेडला मार्जिन लागते, आणि ते कमी लागावे म्हणून आधी संरक्षणाचा ऑप्शन घेऊन मग दुसरा विकतात. सौदा मोडताना क्रम उलटा: आधी विकलेला परत घ्यायचा. संरक्षण आधी काढले तर उरलेल्या उघड्या विक्रीसाठी मार्जिन एकदम वाढते. शेअरवरच्या ऑप्शनमध्ये आणखी एक अडचण आहे. तिथे पूर्तता प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन होते, त्यामुळे एक्स्पायरीला भाव दोन स्ट्राइकच्या मध्ये थांबला तर स्प्रेडचा एकच पाय जिवंत राहतो आणि शेअर द्यायची किंवा घ्यायची वेळ येते. असा सौदा एक्स्पायरीपूर्वी मोडलेला बरा.

अस्थिरता ‘जास्त’ कधी म्हणायची, हा प्रश्न खरा अवघड आहे. आयव्ही म्हणजे ऑप्शनच्या भावात धरलेली अस्थिरता. गेल्या वर्षाचा तळ आणि शिखर यांच्यामध्ये तिचा आजचा आकडा कुठे बसतो, हे आयव्ही रँक सांगते. हे माप एका उसळीने बिघडते. मार्च २०२० मध्ये इंडिया व्हिक्स ८० च्या वर गेला होता. त्यानंतर वर्षभर ते शिखर हिशेबात राहिल्याने विशीतला व्हिक्सही रँकमध्ये तळाशी दिसत होता, जरी एरवीच्या मानाने तो चढा होता. वर्षातल्या किती दिवशी आकडा आजच्यापेक्षा खाली होता हे मोजणारा आयव्ही पर्सेंटाइल अशा वेळी अधिक विश्वासार्ह ठरतो. त्याहूनही मोलाची तुलना निफ्टी अलीकडे प्रत्यक्षात किती हलला याच्याशी होते. ऑप्शनच्या भावात धरलेली हालचाल प्रत्यक्षात होणाऱ्या हालचालीपेक्षा जास्त निघाली, तरच विकणाऱ्याला वाढाव्याचा लाभ होतो. व्हिक्स दुप्पट झाला म्हणून स्ट्राइक दूर सरकवता येतात, हे खरे. वरच्याच हिशेबाने २४ टक्क्यांना २३,७५०-२३,२५० चा पुट स्प्रेड साधारण ९७ अंक देतो. पण बाजार दुप्पट हलण्याची अपेक्षा असताना ते १,२५० अंकांचे अंतर पूर्वीच्या ५०० अंकांपेक्षा फारसे सुरक्षित नसते.

जून २०२४ च्या लोकसभा निकालात हे दिसले. एप्रिलच्या उत्तरार्धात १० च्या आसपास उतरलेला व्हिक्स मतमोजणीच्या आदल्या दिवशी, ३ जूनला, २० च्या वर होता. निफ्टी त्या दिवशी २३,२६४ ला बंद झाला. व्हिक्स दुप्पट, म्हणून क्रेडिट स्प्रेड विका, असा विचार करून कोणी २२,७००-२२,२०० चा पुट स्प्रेड विकला असता, तर ४ जूनला निफ्टी २१,८८४ वर बंद होताना तो दोन्ही स्ट्राइकच्या खाली गेलेला दिसला असता. ५ जूनला निफ्टी २२,६२० वर परतला, व्हिक्स २० च्या खाली आला, आणि ६ जूनच्या साप्ताहिक एक्स्पायरीला निफ्टी २२,८२१ वर बंद झाला. म्हणजे शेवटपर्यंत धरलेला तो स्प्रेड पूर्ण प्रीमियम देऊन संपला असता. पण ज्याने मोठा सौदा केला होता त्याला ४ जूनचा तोटा सोसून थांबणे जमले नसते. चढ्या व्हिक्सला ठाऊक असलेले कारण असेल, तेव्हा तो महाग आहे असे गृहीत धरता येत नाही. अशा वेळी क्रेडिट स्प्रेड करायचाच तर पूर्ण तोटा झाला तरी चालेल एवढ्याच आकाराचा करावा.

उलट्या बाजूची चूक हळूहळू होते. व्हिक्स खाली आहे म्हणून तो लवकरच वाढेल असे समजून दूरचे डेबिट स्प्रेड घेत राहणाऱ्यांना २०२३ मध्ये बराच काळ १० ते १२ च्या घरात रेंगाळणारा व्हिक्स पाहावा लागला. दिवस सरत गेले की अशा स्प्रेडची किंमत रोज थोडी झिजते. शिवाय एक्स्पायरी जवळ आल्यावर अस्थिरता वाढूनही भावावर तिचा परिणाम कमीच होतो. म्हणून शांत बाजारातला डेबिट स्प्रेड निदान ३० ते ४५ दिवसांच्या एक्स्पायरीचा घ्यावा आणि त्यातला एक स्ट्राइक भावाजवळ ठेवावा, हे मला अधिक पटते.

वरच्या हिशेबात सर्व स्ट्राइकना एकच अस्थिरता धरली होती. निफ्टीत तसे नसते. घसरणीच्या विम्याला कायम मागणी असल्याने खालच्या स्ट्राइकचे पुट तुलनेने महाग असतात. त्यामुळे पुट क्रेडिट स्प्रेडमध्ये विकलेल्या पुटपेक्षा संरक्षणाचा पुट अधिक अस्थिरतेच्या भावाने घ्यावा लागतो, आणि हाती येणारी रक्कम सूत्रातल्या आकड्यापेक्षा वेगळी पडते. मंदीच्या पुट डेबिट स्प्रेडमध्ये हाच महागडा पुट विकायला मिळतो. घबराट वाढली की हा कल बहुधा अधिक तीव्र होतो, म्हणून चढ्या व्हिक्समध्ये घसरणीवर मत असणाऱ्याने भावाजवळचा पुट घेऊन दूरचा विकण्याचा डेबिट स्प्रेड आधी तपासावा. नियमात तो बसत नाही, पण ऑप्शन चेनवरचे प्रत्यक्ष भाव पाहिले की तो अनेकदा कॉल क्रेडिट स्प्रेडपेक्षा सरस दिसतो.