तारीख शिल्लक आहे, पण औषध शाबूत आहे का? इन्सुलिन वापरणाऱ्या घरांसाठी उन्हाळ्याचं माहितीपत्रक

नमस्कार. एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, आणि त्याच दिवसांत आमच्या काउंटरवर एक तक्रार वाढते: "पथ्य तेच, डोस तोच, मग शुगर का चढतेय?" अशा वेळी आम्ही आधी दोन गोष्टी विचारतो. बाटली कुठे ठेवता? आणि उघडली कधी? खोक्यावरची एक्स्पायरी डेट बहुतेकांनी पाहिलेली असते. या दोन प्रश्नांची उत्तरं मात्र चटकन येत नाहीत.

एक्स्पायरीची तारीख अटीवर दिलेली असते. बाटली न उघडता, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवली, तरच ती तारीख खरी. इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याची घडण हळूहळू मोडते आणि औषधाची ताकद उतरते. बाटली उघडली, किंवा फ्रिजबाहेर वापरायला काढली, की दुसरी मुदत सुरू होते. बऱ्याच इन्सुलिनसाठी ती २८ दिवसांची असते, काहींसाठी सहा आठवड्यांची. आपल्या इन्सुलिनची मुदत खोक्यातल्या घडीच्या कागदावर छापलेली असते. तिथेच बाहेर किती तापमान चालेल तेही असतं, बहुधा २५ किंवा ३० अंशांपर्यंत. स्लॅबखालच्या वरच्या मजल्यावर किंवा पत्र्याच्या घरात मे महिन्याच्या दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

आमच्या एका नेहमीच्या ग्राहकाची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगतो. वय सत्तरीच्या पुढे, सकाळ-संध्याकाळ दुधाळ दिसणारं मिश्र इन्सुलिन. उपाशीपोटीची साखर एरवी १३०च्या आसपास. मे महिन्यात ती आठवडाभर २०० ते २२० येऊ लागली. घरच्यांनी आंबा बंद केला, फरक पडला नाही. मग काकांनी स्वतःच्या मनाने सकाळच्या डोसात ४ युनिट वाढवली. बाटली घेऊन ते दुकानात आले तेव्हा एक्स्पायरीला वर्षाहून जास्त अवकाश होता. आम्ही बाटली तळव्यांत धरून हळूहळू फिरवली. मिश्र इन्सुलिन असं फिरवल्यावर सगळीकडे सारखं दुधाळ व्हायला हवं. या बाटलीत बारीक पांढरे कण काचेला चिकटून राहिले होते. विचारत गेलो तेव्हा कळलं, बाटली विकत घेतली त्या दुपारी ती स्कूटरच्या डिकीत होती. मंडईत भाजी, मग बँक, मग एका मित्राकडे, असे साडेतीन तास. उन्हात उभ्या गाडीची डिकी बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

काकांना आम्ही नवी बाटली दिली आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावायला सांगितला. इथे घाई धोक्याची असते. वाढवलेला डोस अशक्त झालेल्या इन्सुलिनच्या हिशोबाने वाढवलेला होता. तोच डोस पूर्ण ताकदीच्या बाटलीतून घेतला तर साखर एकदम खाली येऊन घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. डॉक्टरांनी डोस जुन्यावर आणला आणि काही दिवस साखर जास्त वेळा तपासायला सांगितली. चार-पाच दिवसांत आकडे पूर्वीसारखे झाले. म्हणून आमची कळकळीची विनंती: साखर विनाकारण चढली तर आधी बाटली बघा, आणि डोस डॉक्टरांना विचारूनच बदला.

मात्र बघून नेहमी कळतंच असं नाही. पाण्यासारखं स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, त्यात धागे किंवा कण दिसले, रंग बदलला, तर ते टाकून द्यायचं. पण उन्हाने ताकद उतरलेलं इन्सुलिन दिसायला अगदी चांगलंही असू शकतं. बाटली तापल्याची शंका असेल तर ती दिसतेय चांगली म्हणून वापरत राहू नका.

घरात ठेवायचं कुठे

न उघडलेल्या बाटल्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवा. दारात नको, कारण दार उघडझाप होताना तिथलं तापमान सारखं बदलतं. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याला लागूनही नको. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी कामाचं राहत नाही, ते टाकावंच लागतं. दुरुस्तीसाठी गुरुवारी लाइट गेली तर घाबरू नका. फ्रिजचं दार बंद ठेवलं तर तीन-चार तास आतला गारवा टिकतो.

वापरात असलेली बाटली उन्हाळ्यात फ्रिजमध्येच ठेवलेली बरी. टोचण्याआधी थोडा वेळ बाहेर काढून ठेवा, म्हणजे गार औषध कमी झोंबतं. पेनचं तसं नाही. काही कंपन्या वापरातलं पेन फ्रिजमध्ये ठेवू नका असं लिहितात, म्हणून आधी कागद वाचा. अशा पेनसाठी, किंवा घरात फ्रिज नसेल तर, मातीचं मडकं चांगलं काम करतं. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, छोट्यात कोरड्या झाकणाच्या डब्यात इन्सुलिन, वर ओलं फडकं. सावलीत आणि वाऱ्यावर ठेवा, वाळू रोज भिजवा. पुण्याचा उन्हाळा कोरडा असल्याने पाणी भराभर उडतं आणि आत चांगला गारवा राहतो. पावसाळी दमट हवेत हा उपाय तितका चालत नाही.

दुकानातून नेताना थर्मोकोलचा डबा मागा, आम्ही बर्फाची पिशवी घालून देतो. बाटली मात्र कागदात गुंडाळा, बर्फाला थेट टेकू देऊ नका. आणि इन्सुलिन घेतलं की आधी घरी जा, बाकीची कामं नंतर.

दुसरी तारीख तुम्ही लिहायची

बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर पेनने तारीख लिहा. याचा उपयोग एका हिशोबाने पटेल. १० मिलीच्या, दर मिलीला ४० युनिटच्या बाटलीत ४०० युनिट असतात. कोणी दिवसाला १२ युनिट घेत असेल तर बाटली ३३ दिवस पुरते. पण त्या इन्सुलिनची उघडल्यानंतरची मुदत २८ दिवस असेल, तर २८ दिवसांत ३३६ युनिट संपतील आणि उरलेली ६४ टाकून द्यावी लागतील. जीवावर येतं, आम्हाला समजतं. पण शेवटच्या त्या पाच दिवसांत डोस पूर्ण मिळेलच याची खात्री राहत नाही. डोस कमी असणाऱ्यांनी ३ मिलीच्या छोट्या कार्ट्रिजबद्दल डॉक्टरांना विचारावं, नासाडी कमी होते.

डोळ्यांच्या थेंबांनाही अशीच दुसरी तारीख असते. बहुतेक थेंब उघडल्यावर महिन्याभराने टाकायचे असतात, बाटलीत अर्धे उरले असले तरी.

गोळ्यांच्या पाकिटाबद्दल एवढंच. एक्स्पायरी म्हणून फक्त महिना आणि वर्ष छापलं असेल, तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं. ती तारीख पाकिटाच्या एका टोकाला असते, म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकाकडून काढत या. अर्धं पाकीट घेत असाल तर तारखेची बाजू कोणाकडे राहिली ते बघा. तुमच्याकडे नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही बिलावर बॅच नंबर आणि तारीख लिहून देतो.

बाटलीबद्दल शंका असेल तर ती तशीच घेऊन या. बघून सांगायचे आम्ही पैसे घेत नाही.