निळी वायर फेज की न्यूट्रल? रंगांच्या घोळामागचा इतिहास

सिडकोतल्या एखाद्या फ्लॅटमधला बोर्ड मेन पाडून उघडला, मागच्या बाजूचा फोटो काढला आणि कुणाला दाखवला, की पहिला वाद निळ्या वायरवरून होतो. कूलरच्या कॉर्डमध्ये निळी म्हणजे न्यूट्रल. मग बोर्डातली निळी स्विचला कशी काय जोडली आहे?

याचं कारण असं, की आपल्याकडे रंगांच्या दोन पद्धती एकाच वेळी चालतात. भिंतीतली पद्धत ब्रिटिशांकडून आली: सिंगल फेजला फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग हिरवी. थ्री-फेज असेल तर फेज लाल, पिवळी आणि निळी. कॉर्डची पद्धत मात्र युरोपातल्या गोंधळातून जन्मली. जर्मनीतल्या जुन्या वायरिंगमध्ये लाल वायर अर्थिंगची असे आणि ब्रिटनमध्ये तीच फेजची. एका देशातलं यंत्र दुसऱ्या देशात गेलं, की हा फरक जिवावर बेतू शकत होता. म्हणून १९७०च्या सुमारास कॉर्डसाठी तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी पट्ट्यांची अर्थिंग ठरली. रंगांधळ्या माणसालाही पट्टे ओळखता येतात. ब्रिटनने २००४ पासून भिंतीतल्या वायरिंगलाही हेच रंग आणले. आपण भिंतीत लाल-काळ्यावरच राहिलो.

आता तो फोटो पाहू. मीटर रूममध्ये थ्री-फेज येतं आणि फ्लॅट तीन फेजवर वाटलेले असतात. या फ्लॅटच्या वाट्याला निळी फेज आली. फोटोत निळी वायर स्विचला गेली आहे, स्विचमधून छोटा तुकडा सॉकेटला आला आहे आणि काळी थेट सॉकेटला. स्विच फेजमध्येच बसवायचा असतो, म्हणून इथे निळी फेज आहे.

जागेवरूनही पडताळा घेता येतो. आपलं गोल पिनांचं सॉकेट १९३४च्या ब्रिटिश बीएस ५४६ मधून आलं. समोरून पाहताना अर्थिंगचं मोठं छिद्र वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. पण आपला फोटो मागून काढलेला आहे, त्यामुळे फेज डावीकडे दिसायला हवी. इथेच बहुतेक जण फसतात. थ्री-पिन टॉपचं वरचं झाकण काढून हाताच्या बाजूने पाहिलं तर मात्र फेज उजवीकडेच राहते. पिनांकडून पाहिलं तर डावीकडे. फोटो उलटा झालाय का, हे L आणि N ही अक्षरं सरळ वाचता येतात की नाही यावरून कळतं.

फोटो एवढंच सांगतो, की वायरमनच्या मनात काय होतं. लाल बंडल संपलं म्हणून काळ्याच वायरने फेज ओढलेली असेल, तर ते रंगावरून कळणार नाही. टेस्टरवरही डोळे झाकून विसंबू नये: न्यूट्रल कुठेतरी तुटलेली असेल आणि उपकरण चालू असेल, तर दिवा दोन्ही छिद्रांत लागतो. अशा वेळी मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंग यांच्यातला दाब मोजायचा. अर्थिंग धड असेल तर तो २३०च्या आसपास व्होल्ट यायला हवा.