चालू कामांची मर्यादा (कानबान बोर्ड)

कानबान बोर्डावर कामाचा प्रत्येक टप्पा एका रकान्यात आणि प्रत्येक काम एका कार्डावर दाखवलेले असते. त्याच्या एका रकान्यात एका वेळी जास्तीत जास्त किती कार्डे राहू शकतात, हे ठरवणारा आकडा म्हणजे चालू कामांची मर्यादा. सॉफ्टवेअर टीममध्ये तिला ‘वर्क इन प्रोग्रेस’वरून सर्रास ‘विप लिमिट’ म्हणतात. आकडा रकान्याच्या शीर्षकाशेजारी लिहिलेला असतो आणि नियम एवढाच असतो की रकाना भरला असेल तर त्यात नवे कार्ड घ्यायचे नाही. आधी आतले एखादे पुढे गेले पाहिजे. या नियमाचे मूळ टोयोटाच्या कारखान्यांत आहे. तिथे ताइइची ओनो यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात कार्डांची पद्धत घडवली. फिरणाऱ्या कार्डांची संख्या ठरलेली असल्यामुळे दोन टप्प्यांच्या मध्ये सुट्या भागांचा साठा वाढू शकत नसे. कार्यालयीन कामात असा साठा डोळ्यांना दिसत नाही, तो फाइलींत आणि संगणकात पडून असतो. म्हणून इथे बोर्ड आणि मर्यादा दोन्ही लागतात.

अर्धवट कामे साचतात कशी, हे एका टीमच्या हिशेबाने समजते. समजा, डेव्हलपर आठवड्याला ८ कामे लिहून पूर्ण करतात आणि टेस्टर आठवड्याला ६ तपासतात. बाहेर पडणारी कामे सहाच राहणार, कारण तपासणी हा सर्वांत अरुंद टप्पा आहे. उरलेली दोन दर आठवड्याला तपासणीच्या दारात थांबतात. सुरुवातीला बोर्डावर ९ कामे असतील, तर दहा आठवड्यांनी २९ होतात. या काळात कोणीही रिकामे बसलेले नसते, उलट सगळे घाईत असतात. म्हणूनच हा साठा आळसामुळे झाला, असे समजणे चुकीचे ठरते. तो दोन टप्प्यांच्या वेगातल्या फरकातून तयार होतो.

आता डेव्हलपमेंटला ६ आणि टेस्टिंगला ३ अशी मर्यादा घाला. ‘लिहून झाले, तपासणीची वाट पाहत आहे’ अशी कार्डेही डेव्हलपमेंटच्या सहामध्येच मोजायची. नियमाचा खरा जोर इथे आहे, पण नेमकी हीच बाब अनेकदा सुटते. तपासणी मागे पडली की तयार कार्डे डेव्हलपमेंटच्या रकान्यातच अडकतात, सहाही जागा भरतात आणि डेव्हलपरला नवे काम उचलता येत नाही. त्याच्यापुढे मग एकच उपयोगी वाट उरते: पुढच्या टप्प्याची कोंडी फोडणे. तो टेस्ट डेटा तयार करून देतो, हाताने होणाऱ्या तपासण्या स्वयंचलित करतो किंवा टेस्टरने परत पाठवलेली चूक त्याच दिवशी दुरुस्त करतो. त्यामुळे डेव्हलपमेंटचा वेग आठवरून सातवर आला आणि तपासणी सहावरून सातवर गेली, तरी टीमची फळनिष्पत्ती वाढते. मर्यादा नसती तर त्याने सातवे, आठवे काम सुरू केले असते.

चालू कामांची संख्या आणि लागणारा वेळ यांचे नाते जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमात आहे. एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे चालू कामांची सरासरी संख्या भागिले पूर्ण होण्याचा सरासरी वेग. वरच्या टीममध्ये ९ कामे आणि आठवड्याला ६ हा वेग धरला, तर एक काम दीड आठवड्यात बाहेर पडते. तीच टीम २९ कामे घेऊन बसली की जवळजवळ पाच आठवडे लागतात, आणि वेग दोन्ही वेळा तोच असतो. प्रत्यक्षातले नुकसान याहून मोठे असते. पाच आठवडे पडून राहिलेली कोडची शाखा मुख्य शाखेत मिसळताना इतरांनी केलेल्या बदलांशी संघर्ष होतात, लिहिणाऱ्याला तपशील आठवत नाहीत आणि मागणी करणाऱ्याची गरजही तोवर बदललेली असते. पूर्ण व्हायचे राहिलेले काम नुसते थांबत नाही, ते पुन्हा मेहनत मागते.

या विचाराचा सॉफ्टवेअरमधला प्रसिद्ध पहिला प्रयोग भारतात झाला, ही बाब फारशी सांगितली जात नाही. मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत आयटी विभागासाठी किरकोळ बदल आणि दुरुस्त्या करणारी टीम हैदराबादला होती. २००४ मध्ये एखादी मागणी पूर्ण व्हायला तिला सरासरी सुमारे पाच महिने लागत. टीमचे व्यवस्थापक ड्रॅगोश दुमित्रिउ आणि त्यांना मदत करणारे डेव्हिड अँडरसन यांनी पाहिले की टीमचा बराच वेळ नव्या मागण्यांना किती काम लागेल याचे अंदाज बांधण्यात जातो. त्यांनी अंदाज बंद केले आणि टीमकडे एका वेळी ठरावीकच कामे असतील असे ठरवले. जागा रिकामी झाली की पुढचे कोणते घ्यायचे ते मागणी करणाऱ्यांनी निवडायचे. पुढच्या वर्षी सरासरी कालावधी सुमारे दोन आठवड्यांवर आला. सगळे श्रेय मर्यादेला देता येत नाही, कारण अंदाज थांबल्यानेही वेळ सुटला आणि डेव्हलपर-टेस्टर यांचे प्रमाणही नंतर बदलले. पण अंदाजांचा भार आहे हे कळले तरी रांग आटोक्यात ठेवण्याचे काम मर्यादेनेच केले. तिथे भिंतीवर बोर्ड नव्हता. आज आपण ओळखतो तो बोर्ड त्यानंतर अँडरसन यांच्या कॉर्बिस या कंपनीतल्या कामातून पुढे आला.

मर्यादेने मागण्या कमी होत नाहीत, हे स्पष्ट असले पाहिजे. त्या ‘सुरू केलेल्या’ऐवजी ‘अजून न घेतलेल्या’ यादीत राहतात. फरक असा की तिथे अजून कोणाचे श्रम गुंतलेले नाहीत, त्यामुळे क्रम बदलणे किंवा काम रद्द करणे फुकटात होते. ही यादी सतत वाढत असेल, तर क्षमता किंवा होकार देण्याची सवय तपासावी लागते. बोर्डाच्या हातात ते नाही.

पळवाटाही ठरलेल्या आहेत. ‘अडकलेली कामे’ असा बिनमर्यादेचा वेगळा रकाना काढला, की अडकलेले कार्ड तिथे टाकून नवे उचलता येते आणि साठा पुन्हा वाढतो. अडकलेले कार्ड आहे त्याच रकान्यात, लाल खूण लावून ठेवावे, म्हणजे ते जागा अडवते आणि कोणीतरी त्याचा पाठपुरावा करते. ‘तातडीचे’ या नावाची पट्टीही तशीच फसवी ठरते. तिथे एकावेळी एकच कार्ड, अशी तिचीही मर्यादा लागते. संगणकावर बोर्ड चालवणाऱ्या जिरासारख्या साधनात रकान्याची कमाल संख्या ओलांडली की रकाना लाल होतो, पण कार्ड टाकण्यास अडवले जात नाही. म्हणून नियम पाळायची जबाबदारी माणसांकडेच राहते.

आकडा किती असावा याला सूत्र नाही. भरलेल्या बोर्डावर थेट कमी आकडा लिहिला तर पहिल्या दिवसापासून तो मोडला जातो. सध्या जितकी कार्डे आहेत तोच आकडा लिहावा आणि एक काम संपले की एकने खाली आणावा. कधीच न भरणारी मर्यादा फार मोठी आहे. रोज लोक रिकामे बसत असतील आणि पुढे मदत करण्यासारखेही काही नसेल, तर ती फार लहान आहे. बदल होतो आहे का हे पाहण्यासाठी प्रत्येक कार्डावर सुरू केल्याची तारीख लिहावी आणि सकाळच्या बैठकीत सर्वांत जुन्या कार्डापासून सुरुवात करावी. सर्वांत जुन्या कार्डाचे वय आठवड्यामागून आठवडा कमी होत नसेल, तर कामे कुठेतरी बोर्डाबाहेर चालू आहेत का, हे तपासावे.