सेल्युलर वॉच आणि ई-सिम (फोनचाच नंबर घड्याळात)

सेल्युलर वॉच म्हणजे ज्या स्मार्टवॉचला स्वतःचं मोबाईल नेटवर्क आहे असं घड्याळ. आत ई-सिम असतं, म्हणजे सिमचं काम करणारी चिप आधीच बसवलेली असते, कार्ड घालायला जागाच नसते. भारतात ॲपल वॉच सिरीज ३ सोबत 2018 साली जिओ आणि एअरटेलने ही सोय सुरू केली. सॅमसंगचीही एलटीई, म्हणजे मोबाईल नेटवर्कवाली घड्याळं आहेत, पण इथली माहिती मुख्यतः ॲपल वॉचची.

लोकांचा समज असा की फोनचं सिम घड्याळात कॉपी होतं. तसं होत नाही. घड्याळातल्या ई-सिमची नेटवर्कवर स्वतःची वेगळी ओळख असते, कंपनी ती तुमच्या फोन नंबरला जोडून ठेवते. कोणी फोन केला की नेटवर्क दोन्हीकडे रिंग देतं, घड्याळावरून केलेला कॉल समोरच्याला तुमच्या नेहमीच्याच नंबरवरून दिसतो, आणि डेटा त्याच प्लॅनमधून जातो. म्हणूनच फोन आणि घड्याळ एकाच कंपनीचं लागतं, नंबर पोर्ट केला तर घड्याळाचं सगळं परत करावं लागतं.

सुरू करायला आयफोनवर Watch ॲप, त्यात Cellular, मग Set Up Cellular. पुढे कंपनीचं पान उघडतं, लॉगिन करायचं, ओटीपी टाकायचा आणि ॲक्टिव्हेट व्हायची वाट बघायची. सगळ्या कंपन्या प्रीपेडला ही सोय देतातच असं नाही, त्यामुळे घड्याळ घ्यायच्या आधीच विचारून घेतलेलं बरं. गोव्यात अजून एक भानगड असते, घड्याळ गल्फहून किंवा अमेरिकेहून कोणीतरी आणलेलं असतं. फोनसारखे नेटवर्कच्या फ्रिक्वेन्सीचे भरपूर बँड घड्याळात नसतात, म्हणून बाहेरचं मॉडेल इथल्या नेटवर्कवर चालेलच असं नाही, सेटिंगमधला मॉडेल नंबर भारतात विकतात त्या मॉडेलशी जुळवून बघायचा.

आता रोजचा वापर. समजा ताळगावचा एक माणूस सकाळी फोन घरी चार्जिंगला लावून मिरामारला चालायला जातो. घरातून निघेपर्यंत घड्याळ ब्लूटूथने फोनलाच धरून असतं, रेंज सुटली की ओळखीचं वायफाय शोधतं, तेही नसेल तरच मोबाईल नेटवर्कवर जातं. कंट्रोल सेंटरमधलं सेल्युलरचं चिन्ह पांढरं असेल तर प्लॅन चालू आहे पण काम फोनवरून किंवा वायफायवरून चाललंय, हिरवं झालं की घड्याळ स्वतःच्या नेटवर्कवर. ऑफिसमधून कॉल आला तर मनगटावर वाजतो आणि घरी टेबलावरही, तिथे आईने उचलला तर घड्याळावरची रिंग बंद, मग बोला आता!

खरी गंमत एसएमएसची आहे. कॉल थेट घड्याळाकडे येतो, पण एसएमएस आधी फोनवर येतो आणि तिथून इंटरनेटवरून घड्याळाकडे पाठवला जातो, बहुतेक ॲपच्या नोटिफिकेशनचंही तेच. म्हणजे घरी फोनची बॅटरी संपून तो बंद पडला, तर ह्या माणसाला मिरामारवर कॉल येत राहतील पण बँकेचा ओटीपी येणार नाही. आयमेसेज मात्र येतील, ते सरळ इंटरनेटवरून येतात. त्यामुळे कॉल येतायत आणि ओटीपी येत नाही अशी तक्रार असली की आधी घरचा फोन चालू आहे का, त्याला नेट आहे का ते बघायचं, घड्याळ रिसेट करत बसू नये. यूपीआयसाठीही शेवटी फोनच लागतो, म्हणून चालून झाल्यावर चहा-भजी खायची असतील तर खिशात शंभरची नोट ठेवावी.

दुसरी मर्यादा बॅटरी. ॲपल 18 तासांचा जो आकडा बऱ्याच मॉडेलना देतं त्यात एलटीईचे फक्त 4 तास धरलेले असतात, उरलेले 14 तास घड्याळ फोनला जोडलेलं असतं. सलग कॉलवर बोललात तर त्याहून खूप लवकर उतरते. पणजी-म्हापसा पट्ट्यात हे फार जाणवत नाही, पण सत्तरी, सांगे, नेत्रावळीच्या डोंगरात जाणवतं, कारण घड्याळाचा अँटेना छोटा, फोनवर एक काडी दिसते तिथे घड्याळाला काहीच मिळत नाही आणि ते सारखं सिग्नल शोधत बॅटरी खातं. अशा ठिकाणी कंट्रोल सेंटरमधून सेल्युलर बंद करून टाकायचं. घड्याळाचं हॉटस्पॉट होत नाही हेही लक्षात असू द्या, त्याचं नेट त्याच्यापुरतंच.

फोन बदलताना घड्याळ अनपेअर करावं लागतं, तेव्हा प्लॅन ठेवायचा की काढायचा असं विचारतं. तेच घड्याळ नव्या फोनला, त्याच नंबरवर जोडायचं असेल तर ठेवायचा. विकायचं किंवा कोणाला द्यायचं असेल तर काढायचा, आणि वॉचसाठी कंपनी वेगळे पैसे लावत असेल तर तिच्याकडूनही ते बंद करून घ्यायचं, फक्त घड्याळ पुसलं म्हणून बिल थांबेलच असं नाही.