नव्या ड्रोनची उड्डाणपूर्व तपासणी-यादी आणि पहिली हॉवर चाचणी

नवा जोडलेला किंवा मोठ्या दुरुस्तीतून आलेला ड्रोन कामाला लावण्याआधी जमिनीवर करायच्या तपासण्या लिहून काढतात, ती उड्डाणपूर्व तपासणी-यादी. त्यानंतर ड्रोन दोन-तीन मीटर उंचीवर एकाच जागी तरंगत ठेवून त्याचा विद्युतप्रवाह, कंपन आणि स्थैर्य मोजतात, ती हॉवर चाचणी. या दोन गोष्टी वेगळ्या शिकवल्या जात असल्या तरी त्या एकमेकींवर अवलंबून असतात. यादीतले वारा आणि बॅटरीचे आकडे सुरुवातीला उसने असतात. कुठल्या तरी माहितीपुस्तिकेतून किंवा मित्राच्या ड्रोनवरून ते घेतलेले असतात. आपल्या ड्रोनचे खरे आकडे हॉवर चाचणीतून मिळतात आणि मग यादी दुरुस्त करावी लागते.

विमानउड्डाणात लेखी यादी रुजली ती एका अपघातानंतर. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे विमान उड्डाण घेताच कोसळले. शेपटीचे नियंत्रण-पृष्ठ जमिनीवर असताना अडकवून ठेवणारे कुलूप काढायचे राहून गेले होते. चालवणारे अनुभवी होते, तरीही ते राहिले. ड्रोनच्या बाबतीत या कुलपाच्या जागी बहुधा उलटा बसवलेला पंखा किंवा सैल राहिलेला बॅटरीचा पट्टा असतो.

पुढील विवेचनासाठी वर्धा जिल्ह्यातल्या देवळी भागात पऱ्हाटी आणि तुरीच्या वावरांचे फोटो-सर्वेक्षण करू पाहणारा एक ड्रोन धरला आहे. चार मोटारी, बॅटरीसह वजन दीड किलो, चार सेलची ५२०० मिलिअँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी आणि आर्डुपायलट हे उड्डाण-नियंत्रक सॉफ्टवेअर. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचा ड्रोन ‘मायक्रो’ गटात मोडतो. परवानगी न लागणाऱ्या हिरव्या क्षेत्रातही उंचीची मर्यादा ४०० फूट, म्हणजे सुमारे १२० मीटर आहे. याच तालुक्यात पुलगावचे लष्करी दारूगोळा भांडार असल्याने यादीची पहिली ओळ अधिकृत हवाई क्षेत्र नकाशाचीच असायला हवी, मग वावर कितीही ओळखीचे असो.

यादीतली ओळ अशी लिहावी की तिचे उत्तर ‘हो’ असे देताच येऊ नये. ‘बॅटरी तपासली का?’ या प्रश्नाला घाईत सगळेच हो म्हणतात. ‘एकूण व्होल्ट किती, आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या सेलमधला फरक किती?’ असे विचारले की मीटर लावल्याशिवाय उत्तर देता येत नाही. पूर्ण भरलेल्या चार सेलच्या बॅटरीचे १६.८ व्होल्ट भरतात. नव्या बॅटरीत सेलमधला फरक ०.०३ व्होल्टच्या आत असावा. दोघे असतील तर एकाने वाचावे आणि दुसऱ्याने त्या भागाला हात लावून आकडा बोलावा. पुतण्या धुऱ्यावर बसून कागद वाचतो, “काका, सेलचा फरक?” काका मीटरकडे बघून म्हणतात, “पॉइंट शून्य दोन.” मगच पुढची ओळ. एकटा माणूस स्वतःच वाचतो आणि स्वतःच उत्तर देतो, तेव्हा तिसऱ्या-चौथ्या ओळीपासून डोळे पुढे पळू लागतात.

यादी तीन ठिकाणी तोडलेली बरी. चार्जिंग, स्क्रूंची घट्टाई, पंख्यांच्या कडांवरच्या चिरा आणि मेमरी कार्ड हे आदल्या रात्री घरी. वारा, तारा, जनावरे आणि जागा हे वावरात, पण ड्रोनला वीज देण्याआधी. उपग्रह, होकायंत्र आणि बॅटरीचा दाब हे वीज दिल्यावर. काळ्या मातीच्या वावरात जागेच्या ओळीला विशेष महत्त्व आहे. उन्हाळ्यात भेगाळलेल्या जमिनीवर ड्रोनचे पाय तिरपे बसतात, आणि पंख्यांच्या झोताने उडालेली बारीक माती मोटारीत शिरते. वेचणीनंतरच्या वावरात कापसाचा तंतूही मोटारीच्या दांड्याभोवती गुंडाळला जातो. म्हणून प्लायवूडची फळी किंवा कडांवर दगड ठेवलेली ताडपत्री अंथरावी. सिमेंटच्या खळ्यावरून उडवण्याचा मोह होतो, पण त्याखाली सळया असतील तर होकायंत्र चुकीची दिशा दाखवते. विहिरीवरच्या मोटारीची वायर बाभळीच्या फांदीवरून नेलेली असते आणि ती उभ्याने दिसत नाही. त्यासाठी एकदा पांदणीने चालत जाऊन बघणे हाच उपाय.

पंखे लावण्याआधी दोन तपासण्या होतात आणि त्या कधीच टाळू नयेत. पहिली मोटारींच्या क्रमाची. मिशन प्लॅनर या संगणकावरून ड्रोनची मांडणी करायच्या सॉफ्टवेअरमधल्या मोटार चाचणीत `A` दाबल्यावर पुढची उजवी मोटार फिरली पाहिजे. त्यानंतर `B`, `C`, `D` घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मागची उजवी, मागची डावी आणि पुढची डावी. क्रम किंवा फिरण्याची दिशा चुकली तर ड्रोन उचलताक्षणी उलटतो आणि चालवणाऱ्याला सावरायला वेळच मिळत नाही. दुसरी तपासणी रिमोट बंद करून बघण्याची. पंखे काढलेले असताना मोटारी चालू करून थ्रॉटल थोडा वर करावा, रिमोट बंद करावा आणि पडद्यावर रेडिओ फेलसेफचा, म्हणजे रिमोटशी संपर्क तुटल्याचा, इशारा येतो का ते पाहावे. उड्डाणापूर्वीचा तपासणी-दोष पडद्यावर दिसत असताना ती तपासणीच बंद करून उडवण्याचा सल्ला पुष्कळदा ऐकू येतो. नव्या ड्रोनसाठी तो वाईट सल्ला आहे.

पहिल्या हॉवरसाठी वारा सेकंदाला ३ मीटरच्या आत, म्हणजे तासाला साधारण १० किलोमीटरपर्यंत असावा. वारामापक नसेल तर कडुनिंबाकडे बघावे. पाने नुसती सळसळत असतील तर चालेल. बारीक डहाळ्या सतत हलत असतील तर वारा सेकंदाला साडेतीन ते साडेपाच मीटर आहे, आणि धूळ-कागद उडू लागले तर त्याहून जास्त. तेव्हा चाचणी दुसऱ्या दिवशी.

ड्रोन माणसांपासून किमान दहा-पंधरा मीटर दूर ठेवून, ड्रोन नुसता सपाट धरणाऱ्या स्टॅबिलाइझ मोडमध्ये उचलावा आणि न रेंगाळता दीड-दोन मीटरवर न्यावा. जमिनीपासून वीतभर उंचीवर त्याला जोखू नये. तिथे पंख्यांचा झोत जमिनीवर आपटून वर येतो, ड्रोन डुलतो आणि नसलेले दोष दिसतात. अर्धा मिनिट तरंगवून उतरवावा आणि प्रत्येक मोटारीला बोट लावावे. चारपैकी एकच मोटार चटका देण्याइतकी गरम असेल तर तिचा बेअरिंग, तिरपा बसलेला दांडा किंवा पंखा बघावा. मग लॉग, म्हणजे ड्रोनने स्वतः ठेवलेली उड्डाणाची नोंद, उतरवून कंपन पाहावे. तिन्ही अक्षांवर ते ३० मीटर प्रति सेकंद वर्ग या मर्यादेखाली असावे आणि क्लिपिंगचा, म्हणजे संवेदकाच्या मापाबाहेर गेलेल्या धक्क्यांचा, आकडा शून्य असावा. दुसऱ्या उड्डाणात उंची स्वतः धरणारा मोड, आणि ते नीट जमले तर तिसऱ्यात जागाही स्वतः धरणारा लॉयटर मोड. लॉयटरमध्ये ड्रोन एका जागी न थांबता वाढत जाणाऱ्या गोल चकरा मारू लागला तर दोष बहुधा होकायंत्राचा असतो. तेव्हा लगेच स्टॅबिलाइझवर येऊन उतरवावे.

बॅटरीचे मोजमाप याच्या पुढच्या उड्डाणात. पूर्ण भरलेली बॅटरी लावून ड्रोन तीन मीटरवर ६ मिनिटे तरंगवला. लॉगने १५६० मिलिअँपिअर-तास खर्च दाखवला, म्हणजे सरासरी १५.६ अँपिअर. पण तीच बॅटरी पुन्हा पूर्ण भरताना चार्जरने १७२० आत घातले. प्रवाहमापक सुमारे दहा टक्के कमी दाखवत होता, खरा प्रवाह १७.२ अँपिअर होता. आर्डुपायलटमधल्या `BATT_AMP_PERVLT` या सेटिंगचे मूल्य १.१० ने गुणून ही चूक दुरुस्त होते. ती न करता गेले तर पडद्यावर ३० टक्के शिल्लक दिसत असताना बॅटरीत खरे तर जेमतेम २३ टक्के असतात. त्याच लॉगमध्ये हॉवरचा थ्रॉटल पाहावा. तो ०.३ ते ०.५ दरम्यान असेल तर वाऱ्याच्या झोताला तोंड द्यायला मोटारींकडे ताकद शिल्लक आहे. ०.६५ च्या वर असेल तर वजन कमी करावे किंवा पंखे बदलावेत.

आता परतीचा हिशेब. वावराचे दूरचे टोक ४०० मीटरवर, उंची ४० मीटर. या ड्रोनचा हवेतला भरवशाचा वेग सेकंदाला १० मीटर धरला आणि वारा नसला, तर परत यायला ४० सेकंद पुरतात. समोरून ६ मीटरचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ४ मीटर उरतो आणि तेच अंतर १०० सेकंदांचे होते. वाऱ्याशी झुंजताना प्रवाह २० अँपिअर धरला तर साधारण ५५५ मिलिअँपिअर-तास लागतात, म्हणजे बॅटरीचे ११ टक्के. खाली उतरायला ४० सेकंद, आणखी ४ टक्के. उतरण्याच्या जागी ऐनवेळी बैल आले तर वर थांबण्यासाठी आणि बॅटरीच्या आयुष्यासाठी तळाचे २० टक्के हातही लावायचे नाहीत. बेरीज ३५ टक्के, म्हणजे १८२० मिलिअँपिअर-तास उरताच ड्रोनने परतावे. आर्डुपायलटमध्ये ते असे भरतात:

```
BATT_LOW_MAH    1820
BATT_LOW_VOLT   14.4
BATT_FS_LOW_ACT 2
BATT_CRT_VOLT   14.0
BATT_FS_CRT_ACT 1
```

येथे `LOW` हा पहिला इशारा आणि `CRT` हा त्याहून खालचा, अखेरचा. `2` म्हणजे घरी परत आणि `1` म्हणजे आहे तिथेच उतर. उरलेल्या ६५ टक्क्यांत हॉवरच्या प्रवाहाने सुमारे पावणेबारा मिनिटे मिळतात. विक्रेत्याच्या पाटीवरचा आकडा याहून बराच मोठा असतो, कारण तो बॅटरी तळापर्यंत रिकामी करून, बंद खोलीत काढलेला असतो.

या हिशेबातला ६ मीटरचा वारा कुठे मोजला, हा प्रश्न उरतो. हातातला वारामापक दोन मीटरवर वाचतो. मोकळ्या रानात ४० मीटरवर वारा त्याच्या साधारण दीडपट असतो आणि उभ्या पिकावर पावणेदोनपटही होतो. म्हणून यादीत ‘हातातला आकडा गुणिले दोन’ असे लिहिणे सोपे आणि सुरक्षित. पण हिवाळ्याच्या निरभ्र पहाटे हे गणितही फसते. रात्रभर निवलेल्या जमिनीलगतची गार हवा जड होऊन बसून राहते आणि वरचा वारा तिच्यावरून सरकून जातो. खाली चुलीचा धूर सरळ उभा असतो आणि ४० मीटरवर ड्रोन तिरपा होऊन झगडत असतो. अशा वेळी दहा-दहा मीटरने वर जात प्रत्येक टप्प्यावर थांबून झुकाव बघावा.

उन्हाळ्यात गणित दुसरीकडून बिघडते. जानेवारीत पहाटे १२ अंशांत केलेली चाचणी मे महिन्याच्या ४२ अंशांना लागू पडत नाही. हवा सुमारे दहा टक्के विरळ झालेली असते आणि तेवढेच वजन तोलायला साधारण पाच टक्के जास्त वीज लागते. दुपारच्या वावटळी वेगळ्याच. उलट गार पहाटे बॅटरीचा अंतर्गत रोध वाढतो आणि उचलताना व्होल्ट जास्त खाली जातात. त्यामुळे तेव्हा ती ब्लँकेटमध्ये गुंडाळून न्यावी. मे महिन्यात मात्र टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत ती ठेवू नये आणि उडवून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जला लावू नये.

पंखे, कॅमेरा किंवा बॅटरीची जात बदलली की सहा मिनिटांची चाचणी नव्याने करतात. बॅटरीवर मार्करने क्रमांक घालून यादीच्या मागच्या पानावर दोन आकडे लिहिण्याची पद्धत उपयोगी ठरते, उचलण्याआधीचे व्होल्ट आणि हॉवरमध्ये दहा सेकंदांनंतरचे व्होल्ट. नवीन असताना १६.७ वरून १६.३ होणारी बॅटरी पुढच्या हंगामात तशाच हवामानात १५.९ वर जाऊ लागली, तर ती दूरच्या टोकाला न नेता जवळच्या चाचण्यांसाठीच ठेवतात.